मध्यरात्रीचे इंद्रधनुष्य आणि जूनमधला ध्रुवीय प्रकाश

एका छायाचित्र स्पर्धेसाठी आलेल्या चित्रांची पडताळणी करण्याचे काम माझ्याकडे असते. परीक्षकांना चित्र आवडले की ते माझ्याकडे येते, आणि चित्राखाली लिहिलेले ठिकाण व वेळ चित्राच्या आतल्या पुराव्याशी जुळते की नाही, एवढेच मला सांगायचे असते. यातले बरेचसे काम कंटाळवाणे असते. सावल्यांच्या दिशा, रॉ फाइलमधली नोंद आणि नकाशावरची डोंगररेषा ताडून पाहिली की बहुतेक प्रकरणे मिटतात. एका छायाचित्रकाराने पाठवलेली दोन चित्रे मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत.

पहिले चित्र इंद्रधनुष्याचे होते. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रोम्सोजवळ, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, घड्याळात रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटे झालेली असताना ते काढल्याचा दावा होता. दुसरे चित्र त्याच खाडीवर दोन रात्रींनंतर काढलेल्या हिरव्या ध्रुवीय प्रकाशाचे असल्याचे लिहिले होते. परीक्षकांचा कल स्पष्ट होता. रात्री इंद्रधनुष्य दिसत नाही, शिवाय याचे रंग नुसते तांबडे-नारिंगी आहेत, म्हणजे चित्रात फेरफार झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ध्रुवीय प्रकाश मात्र उत्तरेकडेच दिसतो, तेव्हा दुसऱ्या चित्राबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही, असे ते धरून चालले होते. आकाशाबद्दलची आपली समजूत अनुभवापेक्षा पोस्टकार्डांवर किती पोसलेली असते, हे मला अशा वेळी जाणवते.

रंगांचा आक्षेप एका वाक्यात सुटतो. सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असताना त्याच्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग हवेतच विखुरला जातो, आणि जे रंग सूर्यप्रकाशात उरलेले नाहीत ते धनुष्यातही उमटू शकत नाहीत. उंचीचा प्रश्न अधिक रंजक होता. मुख्य इंद्रधनुष्य हे सूर्याच्या बरोबर विरुद्ध असलेल्या बिंदूभोवतीचे, साधारण ४२ अंश त्रिज्येचे वर्तुळ असते. सूर्य जितके अंश वर, तितकेच अंश तो बिंदू क्षितिजाखाली असतो. त्यामुळे ४२ मधून धनुष्याच्या माथ्याची उंची वजा केली की सूर्याची उंची मिळते. सूर्य ४२ अंशांहून वर गेला, तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला धनुष्य दिसतच नाही. या चित्रात माथा समुद्राच्या क्षितिजरेषेपासून ३८.७ अंशांवर होता, म्हणजे सूर्य ३.३ अंश वर होता. ट्रोम्सोच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस सर्वांत खालच्या स्थितीतला सूर्य, वातावरणातले वक्रीभवन धरून, एवढ्याच उंचीवर असतो.

इथे थांबलो असतो, तर ती पडताळणी कच्ची ठरली असती. ३.३ अंश उंचीवरचा सूर्य पृथ्वीवर बहुतेक सर्वत्र रोज सकाळी आणि संध्याकाळी असतोच. एकटे इंद्रधनुष्य सूर्याची उंची सांगते, पण अक्षांश सांगत नाही. अक्षांश कळायला ती उंची कोणत्या दिशेला आणि कोणत्या वेळी होती हे ठाऊक असावे लागते, आणि कॅमेऱ्यातले घड्याळ कोणालाही हवे तसे लावता येते. म्हणून मी त्या रात्रीच्या सगळ्या मूळ फाइल मागवल्या. आयोजकांना हा विलंब पसंत नव्हता, कारण त्यांना ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे उत्तर संध्याकाळपर्यंत हवे होते.

ती सरींची रात्र होती, आणि कॅमेरा ट्रायपॉडवरून हललेला नव्हता. ११.१०, १२.४० आणि २.१० अशा नोंदींच्या तीन फाइलींमध्ये त्याच डोंगररेषेवर धनुष्य होते. शेवटच्या चित्रात त्याचा केवळ डावा पाय शिल्लक होता, पण त्रिज्या आधीच माहीत असल्यामुळे कमानीचा मोठासा तुकडा मिळाला तरी केंद्र काढता येते. अडचण वेगळीच असते. पूर्ण धनुष्य चौकटीत बसवायला फार रुंद दृष्टीचे भिंग वापरावे लागते, आणि असे भिंग कडेचा भाग ताणते, त्यामुळे वर्तुळ अंडाकार दिसते. प्रत्येक बिंदूचे पिक्सेल आधी अंशांत बदलून घ्यावे लागतात. ते न करता पडद्यावर पट्टी लावणाऱ्यांची उत्तरे तीन-चार अंशांनी सहज चुकतात, आणि ती मोठ्या आत्मविश्वासाने छापलीही जातात. पहिल्या चित्रात पुसटसे दुय्यम धनुष्यही होते. त्याची त्रिज्या सुमारे ५१ अंश यायला हवी होती आणि ती तशीच आली, त्यामुळे माझे माप बरोबर असल्याची खात्री पटली.

तीन चित्रांतल्या माथ्यांची उंची अनुक्रमे ३७.२, ३८.७ आणि ३७.५ अंश निघाली. पाव अंशाची चूक गृहीत धरली तरी क्रम बदलत नाही: धनुष्य आधी वर चढले आणि नंतर खाली आले. म्हणजेच सूर्य आधी उतरला, क्षितिजाला न टेकता थांबला आणि पुन्हा चढू लागला. दुपारी याच्या नेमके उलट घडते, कारण सूर्य माथ्याकडे जाऊन उतरतो आणि धनुष्य आधी खाली जाऊन मग वर येते. चढून उतरणारे धनुष्य फक्त मध्यरात्रीच्या सूर्याच्या प्रदेशातच मिळू शकते. वक्रीभवनाची सवलत धरली तरी त्यासाठी निदान ६५.७ अक्षांशाच्या पलीकडे असावे लागते. घड्याळ खोटे असले तरी हा निष्कर्ष ढळत नाही, आणि म्हणूनच तो मला इतका आवडला.

त्याहून सुंदर होती ती धनुष्याची सरकण्याची दिशा. उष्ण कटिबंधात सूर्यास्तापूर्वीच्या दीड तासात सूर्य जवळजवळ उभा, वीसएक अंश खाली येतो. तिथे धनुष्य जागच्या जागी जमिनीतून उगवल्यासारखे वर चढते. या चित्रांत पहिल्या दीड तासात धनुष्य फक्त दीड अंश वर गेले होते, पण डोंगररेषेवर डावीकडून उजवीकडे सुमारे २१ अंश सरकले होते. क्षितिजाशी इतक्या कमी कोनात चालणारा सूर्य ध्रुवाजवळच असतो. शिवाय धनुष्य सर्वांत उंच असण्याची वेळ पावणेएकच्या आसपास निघत होती, बाराला नव्हे. नॉर्वेचे उन्हाळी घड्याळ ३० अंश पूर्व रेखांशाच्या सूर्यावर चालते आणि ट्रोम्सो १९ अंशांवर आहे, म्हणून तिथली खरी मध्यरात्र घड्याळात सुमारे पाऊण तास उशिरा येते. खोटे बोलणारा माणूस चित्राची वेळ बरोबर बारा लिहिण्याची शक्यता अधिक होती.

दुसऱ्या चित्राला मात्र एवढे गणितही लागले नाही. त्या आठवड्यात तिथे सूर्य मावळतच नाही, तेव्हा तारे दिसणार नाहीत आणि ध्रुवीय प्रकाशही दिसणार नाही. वर तो प्रकाश चालू असेल कदाचित, पण उजळ आकाशात तो डोळ्यांना किंवा कॅमेऱ्याला पकडता येणे शक्य नाही. मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश या दोन्ही उत्तरेच्या खुणा असल्या, तरी एकाच ठिकाणच्या एकाच आठवड्यात त्या एकत्र नांदत नाहीत, ही साधी गोष्ट परीक्षकांपैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

ते चित्र बनावट मात्र नव्हते. तारे खरे होते. सप्तर्षी उत्तर-वायव्येला खाली उतरलेले होते, आणि पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा त्या दोघांमधल्या अंतराच्या सुमारे पाचपट पुढे नेली की चौकटीबाहेरच्या ध्रुवताऱ्याची जागा मिळत होती. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या ठिकाणचा अक्षांश, हे खलाशांना शतकानुशतके माहीत आहे. इथे ती ६४ अंशांच्या आसपास आली, सत्तरच्या जवळपासही नाही. उत्तर क्षितिजालगत फिकट पट्टा होता. एका परीक्षकाने तो दूरच्या शहराचा उजेड ठरवला होता, पण वर जाताना पिवळसरातून निळ्यात विरघळणारा तो पट्टा संधिप्रकाशाचा होता. विषुववृत्ताजवळ विषुवदिनी सूर्य मावळल्यावर सहा अंश खाली जायला वीसएक मिनिटे लागतात, ६० अक्षांशावर त्याच्या दुप्पट. त्याच्याही उत्तरेला उन्हाळ्यात तो उजेड रात्रभर उत्तरेकडे फिरत राहतो. पट्ट्याचा फिकटपणा आणि सप्तर्षींची स्थिती एकत्र धरली, की ऑगस्टच्या उत्तरार्धातली मध्यरात्र निघत होती.

ध्रुवीय प्रकाश दिसला म्हणजे ठिकाण उत्तरेचेच, हा युक्तिवादही मला अहवालात खोडावा लागला. मे २०२४ च्या भूचुंबकीय वादळात लडाखमधल्या हानले इथे, जेमतेम ३३ अक्षांशावर, आकाशात लाल आभा टिपली गेली होती. ऑक्सिजनचा लाल प्रकाश २०० किलोमीटरच्या वर तयार होतो, त्यामुळे तो खूप दूरवरून क्षितिजाजवळ दिसू शकतो. हिरव्या पडद्याचा खालचा काठ सुमारे १०० किलोमीटरवर असल्याने तो डोक्यावर दिसायला तुम्ही जवळजवळ त्याच्या खालीच असावे लागते. पुरावा म्हणून रंगापेक्षा आणि दिसण्यापेक्षा तो आकाशात किती उंच दिसतो, याला महत्त्व आहे. या चित्रातला पडदा हिरवा आणि डोक्यापर्यंत पोहोचलेला होता, म्हणून उच्च अक्षांशाचा दावा टिकत होता. ठिकाण आणि महिना तेवढे खोटे होते.

मी अहवालात पहिल्या चित्राचे ठिकाण, रात्र आणि वेळ तिन्ही बाबी पुराव्याशी जुळतात असे लिहिले, आणि दुसऱ्याचे ठिकाण व तारीख दोन्ही चुकीची असल्याचे लिहिले. छायाचित्रकाराला विचारले, तेव्हा त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. चित्र आदल्या वर्षीच्या दुसऱ्या प्रवासातले होते. उत्तरेच्या चित्रमालेत ध्रुवीय प्रकाश नसेल तर परीक्षक ती मालिका पाहतच नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. ते म्हणणे चुकीचे होते असे, त्या दिवशीच्या बैठकीतले बोलणे ऐकल्यावर, मला म्हणता आले नाही.

नियमाप्रमाणे एक चित्र खोटे निघाले की त्या स्पर्धकाची सगळी चित्रे बाद होतात. नियम करणाऱ्यांची भूमिका मला कळते. दरवेळी इतक्या बारकाईने तपासायला कोणाकडे वेळ नसतो. मी इंद्रधनुष्याचा विचार वेगळा करावा असे लेखी कळवले होते, पण ती सूचना फेटाळली गेली, आणि बाद झालेल्यांच्या यादीत कारणाच्या रकान्यात दोन्ही चित्रांपुढे ‘दिशाभूल’ एवढेच लिहिले गेले. पहिल्या चित्रापुढचा तो शब्द बदलावा यासाठी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.