एकतीस सेकंदांची दिवाळी

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाचा मी सहकार्यवाह आहे. कार्यकारिणीच्या सभेत ज्या कामावर कोणीही हक्क सांगत नाही, ते काम सहकार्यवाहाचे असते, या अलिखित नियमानुसार दिवाळीचा शुभेच्छा-संदेश आवाजात मुद्रित करून सभासदांना व्हॉट्सॲपवर पाठवण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. हे काम किरकोळ आहे, असे मलाही वाटत होते, ते गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत.

गेल्या वर्षी मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मोठ्या उत्साहाने म्हटले होते, ‘आज लक्ष्मीपूजन. उद्या पाडव्यानिमित्त वाचनालय बंद राहील.’ संदेश लोकांना आवडला आणि तो पुढे पुढे जात राहिला, हीच अडचण झाली. भाऊबीज उलटून गेल्यावर तो एका आजींना त्यांच्या नाशिकच्या बहिणीकडून आला. त्यांनी तो ऐकला, ‘उद्या बंद’ हे शब्द प्रमाण मानले आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायला न येता सायंकाळी फोनवरून मला विचारले, ‘अहो, पाडवा होऊन गेला ना? मग तुमचे वाचनालय अजून बंद कसे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. लिखित संदेशाखाली त्याची वेळ दिसते, पण ती पाठवल्याची वेळ असते, बोलल्याची नव्हे. आणि आवाजातल्या ‘आज’ला तर तारीखच नसते. तेव्हापासून ‘आज’, ‘उद्या’ आणि सुट्टीची सूचना हे तिन्ही मी शुभेच्छांतून हद्दपार केले. सूचना वेगळ्या लिखित संदेशात जाते, कारण ती सभासदांपुरती असते.

यंदा अध्यक्षांनी मजकूर स्वतः लिहून दिला. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. अप्पांच्या मजकुरात 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक कसा काढला इथपासून सुरुवात होती, मग आमच्या दिवाळी अंक योजनेची वर्गणी, मग कार्यकारिणीची नावे, आणि सर्वांत शेवटी शुभेच्छा. मी तो घड्याळ लावून मोठ्याने वाचला. अप्पांच्या मजकुराला पावणेदोन मिनिटे लागली. संदेश ऐकण्याआधीच त्याची लांबी पडद्यावर दिसते, आणि फराळाच्या ताटावर बसलेला माणूस 1:45 हा आकडा पाहून ‘नंतर ऐकू’ म्हणतो, किंवा दुप्पट वेगाने ऐकतो. दुप्पट वेगात अप्पा आपल्याला सणाच्या शुभेच्छा देत आहेत, असे वाटत नाही. ते रिक्षावाल्याशी भांडत आहेत, असे वाटते. हे त्यांना सांगायला धीर लागला, पण ते हसले आणि म्हणाले, ‘मित्रांना ठेव, मला काढ.’ मी दोघांनाही काढले.

नाव मात्र एकच ठेवले, ते वाचनालयाचे, आणि तेही अगदी आरंभी. आवाजी संदेश कोणी पुढे पाठवला, की मूळ कोणाचा ते दिसत नाही. फक्त पुढे पाठवल्याच्या बाणाची खूण दिसते. लिखित शुभेच्छांखाली नाव टाकता येते, चित्रावर छापता येते, पण आवाजाखाली ओळ जोडता येत नाही. जे काही सांगायचे ते तोंडानेच सांगावे लागते.

खरी चर्चा झाली ती एका वाक्यावर. माझ्या पहिल्या खर्ड्यात, सवयीप्रमाणे, ‘आपणांस सहकुटुंब, सहपरिवार’ असे होते. आमच्या ग्रंथपाल बाईंनी सभासदांची वही उघडून पुढे ठेवली आणि काही न बोलता काही नावांवर बोट ठेवले. एक काका पत्नी गेल्यानंतर एकटेच राहतात. दोन घरांत यंदा मृत्यू झाला आहे, म्हणून त्यांच्याकडे कंदील लागणार नाही, पणत्याही नाहीत. काहीजण दिवाळी साजरी करत नाहीत, पण दिवाळी अंकांची वाट आमच्याइतकीच पाहतात. ‘सहपरिवार’ हा शब्द ऐकताना या सगळ्यांना काय वाटत असेल, हा विचार मी तीन वर्षांत केला नव्हता. अप्पांची शंका होती, की सणाच्या दिवशी कंदील न लावण्याचा उल्लेख अशुभ वाटेल. बराच वेळ घासाघीस झाल्यावर मजकूर असा ठरला. सुरुवातीला वाचनालयाचे नाव, आणि मग:

‘नमस्कार. दिवाळीच्या दिवसांत तुम्हा सगळ्यांची आठवण झाली. घरात पाहुण्यांची गर्दी असेल, किंवा तुम्ही एकटेच निवांत वाचत बसला असाल. दारात कंदील असेल, किंवा यंदा तो लावला नसेल. आमच्या शुभेच्छा तुमच्यासाठीच आहेत. कधीही या, नुसते गप्पा मारायलाही या. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.’

‘नसेल’चे कारण सांगितलेले नाही, म्हणून अप्पांची हरकत राहिली नाही, ज्यांना ते कारण माहीत आहे, त्यांना ते सांगावे लागत नाही.

मुद्रणासाठी मी वसुबारसेच्या पहाटे वाचनालयात गेलो. घरी ते शक्य नव्हते, कारण आमच्याकडे चकल्यांचा घाणा आणि कुकर यांची जुगलबंदी चालू होती. वाचनालयात पुस्तकांची कपाटे आवाज शोषून घेतात. रिकाम्या खोलीत येतो तसा घुमारा तिथे येत नाही. पंखा बंद केला. मोबाइल वीतभर अंतरावर आणि तोंडाच्या किंचित बाजूला धरला, कारण अगदी समोर धरला, की ‘शुभेच्छा’मधला ‘भ’ माइकवर फुंकर मारल्यासारखा आदळतो. चौथ्या प्रयत्नात तो नीट आला. एकतीस सेकंद झाले. मात्र पंचविसाव्या सेकंदाला बाहेर पेपरवाल्याच्या सायकलची घंटा वाजली आणि पाठोपाठ दारात अंकांचा गठ्ठा धप्पकन पडला. पाचवा प्रयत्न करून पाहिला, पण त्यात माझा आवाज कंटाळलेला वाटत होता. चौथाच ठेवला.

पाठवतानाही एक गोम असते. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी आमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे. म्हणजे जुन्या सभासदांना शुभेच्छा जातात आणि ज्यांना आपलेसे करायचे, ते नवे सभासद नेमके राहून जातात. अशांना मी एकेक करून पाठवला. आणि ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तोच मजकूर शब्दशः लिहून सर्वांनाच त्याच्या पाठोपाठ पाठवला. त्यांना वेगळे काढून पाठवला असता, तर ‘तुम्हा सगळ्यांची’ हे शब्द खोटे ठरले असते.

नरकचतुर्दशीच्या दुपारी तोच संदेश दुहेरी बाणाची खूण घेऊन माझ्याकडे परत आला, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरला होता. त्यानंतर तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, त्यामुळे त्याचा वेग आपोआप ओसरतो. पाडव्याच्या सकाळी बंगळुरूहून उत्तर आले. आमच्या एक जुन्या सभासद काकू तिथे मुलाकडे राहायला गेल्या आहेत. त्यांनी शुभेच्छांचा उल्लेखही केला नव्हता. त्यांनी एवढेच विचारले होते: ‘मधे जी घंटा वाजली, ती आपल्या पेपरवाल्याचीच ना? तो अजूनही गठ्ठा तसाच फेकतो का?’