तिच्या... काय?

आज माळ्यावर आजीची डायरी सापडली. 2016 च्या उन्हाळ्यातली, लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हाची. आजी पाण्याचा हिशोब लिहायची: 'प्यायला 2 हंडे. भांड्याचं पाणी लिंबाच्या आळ्यात.' एवढं बारीक!

शेवटचं पान: 'रेल्वेनं 10 डबे आले म्हणे, 5 लाख लिटर. आपल्या गल्लीत टँकर आठव्या दिवशी. नातीला सांगायचं राहिलं, तिच्या'

पुढं नुसती निळी रेघ, पानाच्या कडेपर्यंत.

"आज्जे, टँकर आला!" असं ओरडणारी मीच होते. पेन टाकून ती घागर घेऊन पळाली. रांगेतच चक्कर आली. पुढं हात थरथरायचा, लिहिणं सुटलं.

आईला विचारलं. म्हणाली, "तुझ्या न्हाणाचं पाणी झाकून ठेवलं असंल कुठंतरी."