गुणसूत्रे मोजायची की क्रोमॅटिड? पेशीविज्ञानाच्या बहुपर्यायी प्रश्नांतल्या फसव्या जागा

पेशीविभाजनावरचा आकड्यांचा प्रश्न समोर आला की मी पर्याय लगेच वाचत नाही. आधी कागदावर एकच गोष्ट लिहितो: प्रश्नात नेमके काय मोजायला सांगितले आहे? गुणसूत्रे, क्रोमॅटिड, बायव्हॅलंट की डीएनएचे प्रमाण? चारही उत्तरे वेगळी येतात, आणि प्रश्न काढणारा नेमकी तीच चार उत्तरे पर्याय म्हणून देतो. त्यामुळे चुकीची गोष्ट मोजली तरी आलेला आकडा पर्यायांत सापडतो आणि चूक झाल्याची शंकाही येत नाही.

गुणसूत्रे मोजायचा नियम साधा आहे. जितके वेगळे सेंट्रोमिअर, तितकी गुणसूत्रे. आकृतीतला इंग्रजी एक्ससारखा आकार म्हणजे दोन क्रोमॅटिड, पण सेंट्रोमिअरपाशी ती जोडलेली असल्याने गुणसूत्र एकच. एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो, क्रोमॅटिड दुप्पट होतात, गुणसूत्रे मात्र तितकीच राहतात. सर्वाधिक उत्तरे इथेच चुकतात, कारण ‘दुप्पट’ हा शब्द डोक्यात बसलेला असतो आणि तो नेमका कशाला लागू आहे हे निसटते.

कांद्याचे उदाहरण घेऊ. त्यात 2n = 16. मुळाच्या टोकातली पेशी जी-1 टप्प्यात असताना तिच्यात 16 गुणसूत्रे असतात, प्रत्येकात डीएनएचा एकच रेणू, म्हणून डीएनए 2C. जी-2 मध्ये गुणसूत्रे 16, क्रोमॅटिड 32, डीएनए 4C. मेटाफेजमध्येही हेच आकडे. अ‍ॅनाफेज सुरू होताच जोडीतली क्रोमॅटिड सुटतात, प्रत्येकाला स्वतःचे सेंट्रोमिअर मिळते आणि त्या क्षणी पेशीत 32 गुणसूत्रे होतात. डीएनए मात्र 4C च राहतो. म्हणजे डीएनए वाढतो एस टप्प्यात आणि गुणसूत्रांचा आकडा वाढतो अ‍ॅनाफेजमध्ये. या दोन घटना एकाच वेळी घडत नाहीत, हे पक्के झाले की अर्धे प्रश्न सरळ होतात. विभाजन पूर्ण झाल्यावर प्रत्येक पेशीत पुन्हा 16 आणि 2C.

n आणि C ची गल्लत हाही याच सापळ्याचा भाग. n गुणसूत्रांचे संच सांगतो, C डीएनएचे प्रमाण. जी-2 मधली पेशी 4C असते, पण 4n नसते. पर्यायांत ‘4n, 4C’ दिसले आणि प्रश्न जी-2 चा असेल, तर तो पर्याय मी तिथेच खोडतो.

आता त्याच कांद्याचे मिओसिस. यासाठी मुळाचे टोक सोडून परागकोशात जावे लागते. मुळाच्या टोकात मिओसिस होतच नाही, आणि काही प्रश्न केवळ एवढ्यावर फसवतात, म्हणून पेशी कुठली आहे त्याखाली रेघ ओढावी. परागमातृपेशीच्या मेटाफेज-1 मध्ये 8 बायव्हॅलंट दिसतात. प्रत्येक बायव्हॅलंटमध्ये दोन गुणसूत्रे आणि चार क्रोमॅटिड, म्हणून एकूण 16 गुणसूत्रे आणि 32 क्रोमॅटिड. अ‍ॅनाफेज-1 मध्ये समजात गुणसूत्रे दूर जातात, सेंट्रोमिअर सुटत नाहीत, त्यामुळे पेशीतली एकूण संख्या 16 च राहते. प्रत्येक ध्रुवाकडे 8 जातात, पण त्या आठांमध्ये प्रत्येकी दोन क्रोमॅटिड असतात.

इथे माझ्या मते या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न तयार होतो. जी-1 मध्ये पेशीतला डीएनए 40 एकक धरला, तर मिओसिस-1 संपल्यावर प्रत्येक पेशीत किती? गुणसूत्रे निम्मी झाली म्हणून पुष्कळ जण 20 लिहितात. हिशोब असा: जी-1 मध्ये 40, एस टप्प्यानंतर 80, मिओसिस-1 नंतर 40. गुणसूत्रे 16 वरून 8 झाली, तरी डीएनए जी-1 इतकाच आहे, कारण प्रत्येक गुणसूत्र अजून दुहेरी आहे. 20 हा आकडा मिओसिस-2 नंतर येतो. असा प्रश्न मी टप्प्यांची छोटी साखळी लिहूनच सोडवतो, मनात कधीच नाही.

एका ठिकाणी सावध राहावे लागते. अ‍ॅनाफेजमध्ये क्रोमॅटिड किती, असे विचारले तर काटेकोर उत्तर शून्य, कारण सुटलेले प्रत्येक क्रोमॅटिड आता गुणसूत्र गणले जाते. पण काही प्रश्नांत सुटलेल्या धाग्यांनाही क्रोमॅटिडच म्हटलेले असते. पर्यायांत शून्य नसेल आणि 32 असेल, तर प्रश्नकर्त्याने दुसरी रीत धरली आहे हे ओळखावे.

ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशनच्या प्रश्नांतही मी हीच सवय वापरतो, फक्त विचारतो: घटना कोणत्या रेणूवर घडते आहे? डीएनएवरून आरएनए बनतो आहे, की एमआरएनएवरून प्रथिन? व्याख्या सगळ्यांना येतात. गोंधळ होतो तो सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या खुणांमध्ये. प्रमोटर आणि टर्मिनेटर ट्रान्सक्रिप्शनचे. AUG आणि स्टॉप कोडॉन ट्रान्सलेशनचे. आरएनए पॉलिमरेझला स्टॉप कोडॉन कळत नाही. तो त्याच्यावरून सरळ पुढे जातो.

समजा परिपक्व एमआरएनएमध्ये AUG पासून स्टॉप कोडॉन धरून 303 न्यूक्लिओटाइड आहेत. म्हणजे 101 कोडॉन, आणि शेवटच्याला अमिनो आम्ल नसल्याने प्रथिनात 100 अमिनो आम्ले. आता उत्परिवर्तनाने 40 व्या स्थानचा UAC, म्हणजे टायरोसिनचा कोडॉन, UAA झाला. पर्याय असे: एमआरएनए आखूड होईल, पॉलिमरेझ तिथे थांबेल, प्रथिनात 40 अमिनो आम्ले असतील, प्रथिनात 39 असतील आणि एमआरएनएची लांबी तीच राहील. शेवटचा पर्याय बरोबर. UAA साठी टीआरएनए नसतो. तिथे रिलीज फॅक्टर बसतो आणि साखळी सुटते, म्हणून 39. दृश्यकेंद्रकी पेशींत असा सदोष एमआरएनए पुष्कळदा ओळखून नष्ट केला जातो, पण ते ट्रान्सक्रिप्शन झाल्यानंतरचे काम आहे. बनताना तो पूर्ण लांबीचाच बनतो.

उलट बाजूने विचारलेला प्रश्न प्रतिजैविकांचा असतो. रिफॅम्पिसिन जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेझला अडवते, टेट्रासायक्लिन रायबोसोमवर टीआरएनए बसू देत नाही. दोन्हींमुळे शेवटी प्रथिन बनणे बंद होते, म्हणून नुसते ‘प्रथिननिर्मिती थांबली’ एवढ्यावरून उत्तर देता येत नाही. किरणोत्सारी युरिडिन आणि किरणोत्सारी अमिनो आम्ल यांपैकी पेशीत आधी कशाचा समावेश घटला, ते पाहावे. युरिडिन आधी घटले आणि अमिनो आम्ल काही मिनिटांनी, तर अडथळा ट्रान्सक्रिप्शनमध्ये आहे. मधल्या वेळात आधीच तयार असलेल्या एमआरएनएवरून रायबोसोम प्रथिन बनवत राहतात. अमिनो आम्ल लगेच घटले आणि युरिडिन त्या वेळी चालूच राहिले, तर अडथळा ट्रान्सलेशनमध्ये.