'फुकट शिकतोय' म्हणणाऱ्या काकांसाठी टीएशिपचा हिशेब

फॅमिली ग्रुपवर काकांनी परवा पुन्हा लिहिलं, "आमचे चिरंजीव अमेरिकेत फुकट शिकतात, वर पगारही घेतात." घ्या हिशेब.

माझी टीएशिप, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली पेपर तपासण्याचं, पोरांच्या शंका सोडवण्याचं काम. ती 50 टक्के, म्हणजे आठवड्याला 20 तास. एफ-1 व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर याहून जास्त काम करताच येत नाही. ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची मूळ फी, माफ, वर महिन्याला 2,000 डॉलर, पण नऊच महिने. उन्हाळ्यात पगार बंद, घरभाडं चालू!

आता खरं दुखणं. सेमिस्टरच्या बिलात ट्यूशनसमोर शून्य होतं आणि खाली तरीही 1,450 डॉलर. आरोग्य विमा, टेक्नॉलॉजी फी, बस, जिम. जिमचं तोंडही मी पाहिलेलं नाही, पण फी सगळ्यांना. माफी ट्यूशनची असते, बाकीच्या फीची नाही, आणि हे बिल पहिल्या पगाराच्या आधी येतं. दोन सेमिस्टरचे 2,900 वजा केले तर 18,000 चे 15,100 उरतात. बारा महिन्यांवर पसरले की महिना जेमतेम 1,258, तेही टॅक्सच्या आधी. टॅक्सची झळ मात्र कमी लागते. पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटीचा कर कापत नाहीत आणि भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारामुळे स्टँडर्ड डिडक्शनही मिळतं.

आणि हे 20 तास म्हणजे नुसतं बसणं नव्हे. मिडटर्मनंतर साठ पेपर टेबलावर. प्रत्येक प्रश्नाला रुब्रिक: समीकरण बरोबर मांडलं तर तीन गुण, पुढे चूक झाली तरी ते तीन काढायचे नाहीत. तरी दीड गुण का गेले हे विचारायला पोरं ऑफिस अवर्सला येतात, शांतपणे, पेपर समोर ठेवून. आपल्याकडे सरांसमोर आमची हिंमत झाली नसती. पहिल्यांदा राग आला, मग वाटलं, बरोबरच आहे त्यांचं. अर्थात आमच्या सरांकडे दीडशे पोरं असायची आणि हाताखाली टीए नसायचा, हेही खरं.

आरएशिप, म्हणजे प्रोफेसरच्या संशोधनात मदतीचं काम, वेगळी. तो पैसा बहुतेकदा प्रोफेसरच्या ग्रँटमधून येतो, त्यामुळे काम कधी कधी थिसिसमध्ये वापरता येतं आणि उन्हाळ्यातही मिळू शकतं. पण ग्रँट संपली की आरएशिपही संपते. कंप्युटर सायन्सच्या मास्टर्सवाल्यांना तर ती क्वचितच मिळते, कारण तिथे पीएचडीवाले रांगेत पुढे. माझे दोन मित्र म्हणूनच मॅथ्स विभागात टीए झाले.

येणाऱ्यांनी ऑफर लेटर नीट वाचा. "ग्रेडर, तासाला अमुक डॉलर" एवढंच लिहिलेलं असेल, तर ट्यूशन सहसा माफ होत नाही. टक्केवारी आणि माफी, दोन्ही लेटरमध्ये स्पष्ट हवीत. सेमिस्टर अर्धवट सोडलं तर बऱ्याच ठिकाणी माफीही रद्द होते, आणि मग पूर्ण ट्यूशनचं बिल हातात.