तुम्ही विचारलंत म्हणून: जेव्हीखाली काय लिहायचे

“रक्कम बरोबर आहे, नावे-जमा बरोबर आहे, ताळेबंद जुळतोय. मग जेव्हीच्या नॅरेशनमध्ये एवढं काय लिहायचं, आणि प्रत्येक वेळी व्हाउचरचा नंबर कशाला जोडायचा?”

विक्रीच्या नोंदीमागे बिल असते, बँकेच्या नोंदीमागे खातेउतारा असतो. जर्नल व्हाउचरमागे, म्हणजे जेव्हीमागे, मात्र पुष्कळदा कोणाचा तरी निर्णय एवढेच असते, आणि तो निर्णय लिहून ठेवला नाही तर नोंद राहते आणि कारण नाहीसे होते. हे मी अनेकांना सांगितले आहे आणि बहुतेकांना ते पटलेले नाही. म्हणून या वेळी ज्या एका नोंदीमुळे माझे मत पक्के झाले, तीच सविस्तर सांगतो.

मी तेव्हा एका व्यापारी पेढीत हिशेब पाहत होतो. मालवाहतूक करणाऱ्या दोघांची खाती आमच्याकडे होती आणि त्यांच्या फर्मची नावे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती होती की खाते निवडताना पहिली चार-पाच अक्षरे सारखीच येत. त्यांना इथे पहिला आणि दुसरा म्हणू. फेब्रुवारीत पहिल्याचे 23,400 रुपयांचे बिल आले. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचे घोषणापत्र त्याने दिलेले नव्हते आणि वर्षभराची उलाढाल मर्यादेच्या वर गेली होती, म्हणून 1% टीडीएस, म्हणजे 234 रुपये कापून 23,166 रुपये देणे राहिले. 31 मार्चला कोणीतरी एक जेव्ही टाकली: पहिला नावे 23,400, दुसरा जमा 23,400. नॅरेशन होते, “चुकीची नोंद दुरुस्त केल्याबद्दल”. एप्रिलमध्ये दुसऱ्याला पैसे गेले.

पहिला गाडीवाला पैसे मागायला आला तेव्हा मीच त्याचे खाते उघडले. त्याचे येणे काहीच नव्हते. उलट 234 रुपये त्याच्याच नावे दिसत होते. मी त्याला तसे सांगितले. ते खाते आणि ती ओळ आज पुन्हा माझ्यासमोर ठेवली, तरी मी दुसरे काय सांगू शकलो असतो? दुरुस्ती झाली आहे असे नोंद सांगत होती. तो पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि आमच्या कार्यालयात तो खोटे बोलतो आहे असे उघड बोलले जाऊ लागले. त्याच्या वयाचा माणूस टेबलासमोर उभा राहून स्वतःच्याच पैशांसाठी पुरावे देतो आहे, हे पाहणे मला जड जात होते. पण माझ्या हातात त्याच्या बाजूचा एकही कागद नव्हता.

शेवटी तो आपल्या कर सल्लागाराकडून 26एएसचा उतारा घेऊन आला. त्यात आमच्याच पेढीने त्याच्या पॅनवर 23,400 रुपये जमा दाखवून 234 रुपये टीडीएस भरलेला होता. आम्ही सरकारला सांगत होतो की हे भाडे त्याचे आहे, आणि त्याला सांगत होतो की नाही. मग ते 234 रुपये मला नीट दिसले. दुरुस्ती खरी असती तर टीडीएसची नोंदही दुसऱ्याच्या पॅनवर न्यावी लागली असती आणि विवरणपत्र सुधारावे लागले असते. इथे फक्त बिलाची पूर्ण रक्कम उचलून ठेवली होती. बिलवार थकबाकीतही खूण होती. टॅलीमध्ये जेव्ही टाकताना बिलाच्या संदर्भाऐवजी On Account निवडले होते, त्यामुळे ते बिल 23,166 रुपयांना तसेच उघडे होते आणि बेरीज मात्र जवळपास शून्य दिसत होती.

दुसऱ्याकडे विचारल्यावर त्याच्या वहीत आमचे 23,400 रुपये “जादा आले, तपशील नाही” असे निघाले. ते त्याच्या पुढच्या बिलातून वळते झाले आणि पहिल्याला पैसे मिळाले. परंतु ती जेव्ही का टाकली गेली, हे आजही मला माहीत नाही. ज्या लिपिकाने ती टाकली तो नोकरी सोडून गेला होता, फोनवर म्हणाला, “साहेबांनी सांगितलं होतं.” साहेबांना आठवत नव्हते. दोघेही खरे बोलत असतील.

ती दुरुस्ती खरोखरच योग्य असती, तर तिचे नॅरेशन असे हवे होते: “पर्चेस व्हाउचर क्र. 842, दि. 9 फेब्रुवारी, बिल क्र. 117, बिल्टी क्र. 5521 चे गाडीभाडे पहिल्याच्या खाती चुकून जमा झाले. गाडी दुसऱ्याची असल्याचे त्याचे पत्र सोबत जोडले आहे. टीडीएसची दुरुस्ती पुढील जेव्हीत. व्यवस्थापकांची मंजुरी पत्रावर.” पहिल्याच्या ओळीत Agst Ref घेऊन 117 निवडायचे, दुसऱ्याच्या ओळीत New Ref घेऊन तोच क्रमांक द्यायचा. हे लिहायला बसले असते तर पत्र शोधावे लागले असते, आणि पत्र नसते तर हात तिथेच थांबला असता.

कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, हे नॅरेशनमध्ये पुन्हा लिहू नका. ते वरच दिसते. जे वर दिसत नाही ते लिहा: कोणता कागद, कोणत्या काळासाठी, कशामुळे, कोणाच्या सांगण्यावरून. संदर्भ दोन्ही बाजूंनी जोडा, म्हणजे बिलाचा क्रमांक नॅरेशनमध्ये आणि जेव्हीचा क्रमांक व तारीख पेनने बिलाच्या कोपऱ्यात. तारीख सोडू नका, कारण टॅलीमध्ये स्वयंचलित क्रमांक असतील आणि मूळ क्रमांक कायम ठेवण्याची सोय निवडलेली नसेल, तर मध्येच एखादे व्हाउचर घातले किंवा काढले की पुढचे क्रमांक सरकतात आणि कागदावरचा क्रमांक भलत्याच नोंदीकडे बोट दाखवतो. Ctrl+R ने मागचे नॅरेशन उचलता येते, पण त्यातला महिना आणि बिल क्रमांकही मागचाच येतो. एप्रिलच्या घसाऱ्याखाली मार्च लिहिलेला मी पाहिला आहे.

सुरुवातीच्या काळात मीही म्हणत असे की हा तपशील फाइलमध्ये असतो, तो पुन्हा टाइप करणे म्हणजे दुप्पट काम. त्या म्हणण्यात तथ्य होते आणि अजूनही आहे. दरमहा तीच पगाराची जेव्ही टाकताना महिना आणि पगारपत्रकाचा क्रमांक एवढे पुरते. तिथे परिच्छेद लिहिणारा लिपिक खरोखर वेळ घालवतो. आता कोणी म्हणते की 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद आपोआप राहणे बंधनकारकच आहे, मग नॅरेशनचे एवढे काय? ती नोंद कोणी, केव्हा, काय बदलले ते सांगते. का बदलले ते सांगत नाही. त्या 31 मार्चच्या जेव्हीवर लिपिकाचे नाव आणि वेळ मिळाली असती, तरी मी तिथेच अडलो असतो.

एका प्रश्नाला माझ्याकडे पक्के उत्तर नाही. वरिष्ठ म्हणतात, “आत्ता एंट्री टाक, कागद नंतर देतो.” अशा वेळी मी “अमुक यांच्या तोंडी सूचनेनुसार, कागद येणे बाकी” असे लिहितो, आणि महिनाअखेरीस “येणे बाकी” हे शब्द शोधून यादी काढतो. काही वरिष्ठांना आपले नाव तिथे आवडत नाही. एकाने मला ते पुसायला लावले होते. नवीन माणसाने अशा वेळी अडून बसावे, असे मी सांगू शकत नाही, कारण नोकरी त्याची जाते, माझी नाही. निदान त्या दिवशीच्या आपल्या डायरीत व्हाउचर क्रमांक, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव त्याने उतरवून ठेवावे.