ताई-भावजींच्या पंचविशीचं कार्ड

मंगळवार

रविवारी ताई आणि भावजींच्या लग्नाला 25 वर्षं पूर्ण होतात. कार्डावरचा मजकूर मामा लिहिणार, असं भाचीने परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्या घरी काढली. त्यांचा नवा संसार मी शेजारच्या खोलीतून ऐकलाय, त्यातली भांडणं आणि हसणं दोन्ही. हे कार्ड दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मला चुटपुट लागली असती.

कार्ड मुद्दाम आतून कोरं आणलंय. आत छापील चार ओळी असल्या की आपला मजकूर त्यांच्या खाली परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो. उजवं पान मजकुरासाठी, डावं पान बाकीच्यांच्या सह्यांसाठी. त्याच मापाचा साधा कागद कापून त्यावर पेन्सिलीने लिहून पाहिलं. माझ्या अक्षरात सतरा-अठरा ओळी बसतात, म्हणजे शंभर-सव्वाशे शब्द. एवढ्या जागेत 25 वर्षं मावत नाहीत. एक आठवण मावते, आणि ती नीट सांगायची तर तेवढी जागा तिलाच लागते. चार आठवणी कोंबल्या की एकेकीला एकच ओळ मिळते, आणि मग ती यादी होते.

तरी आधी आठवतील त्या सगळ्या कागदावर काढल्या.

भावजी प्रवासात कुणालाही रस्ता विचारत नाहीत, ही पहिली आठवली. ताई मागून म्हणत राहते, "अहो, विचारा ना कुणालातरी." आणि ते म्हणतात, "पुढे गेल्यावर कळेलच." गोष्ट मजेची आहे, पण हसणं सगळं भावजींच्या अंगावर येतं. कार्ड रविवारी मोठ्याने वाचलं जाणार, समोर त्यांच्या आई असतील, ऑफिसातली माणसं असतील. भावजी हसतील, खेळीमेळीने घेतील. पण लग्नाच्या वाढदिवशी एकाने हसायचं आणि दुसऱ्याने हसून घ्यायचं, असं मला नको होतं.

दुसरी जिन्याची. ताईने मूल झाल्यावर परीक्षा द्यायची ठरवली तेव्हा भाची जेमतेम दोन वर्षांची होती. घरात शांतता हवी म्हणून भावजी रोज संध्याकाळी तिला घेऊन जिन्यात जायचे. एक मजला खाली, एक मजला वर, पायऱ्या मोजत. एका मजल्याला पायऱ्या अठरा. त्यामुळे कितीतरी महिने भाचीचे आकडे अठराला संपायचे आणि पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. एकोणीस नावाचा आकडा असतो हे तिला पटेना. ही आठवण मला इतकी प्रिय आहे की हात थांबेना. शेवटी तीही बाजूला ठेवली, कारण ती भाचीची आहे. तिने स्वतः उभं राहून सांगावी. तिला तसं कळवलंही.

काही गोष्टी मात्र आधीच वर्ज्य केल्या. '25 वर्षांची जन्मठेप', 'शूर वीर नवरा', 'बायकोपुढे कुणाचं चालतं' या जातीचं काही लिहायचं नाही. ही वाक्यं कुठल्याही जोडप्याला चिकटतात, म्हणजे या दोघांची ती नाहीतच. शिवाय यांच्या संसारात एक वर्ष असं होतं की दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. ते मी पाहिलंय. त्यांनी ते कसं निभावलं ते त्यांचं त्यांना माहीत. ज्यांनी असं वर्ष काढलंय त्यांना तुरुंगाचा विनोद नेमका तिथेच लागतो, आणि 'तुम्ही कधी भांडलाच नाहीत' हे कौतुकही तिथेच टोचतं. वय, वजन, पैसा, कोण जास्त कमावतं, यांनाही हात लावायचा नाही.

उरलं कपाट.

गुरुवार

लग्न झाल्या झाल्या त्यांनी एक लाकडी कपाट घेतलं होतं. ते पहिल्या दिवसापासून डुगडुगायचं, पुढचा डावा पाय आखूड म्हणून. त्या पायाखाली घडी घालून सारलेली आहे ती त्यांच्याच लग्नाची उरलेली पत्रिका. हे मी स्वतः पाहिलेलं. पण ती तिथे गेली कशी, हे कधी नीट विचारलं नव्हतं. कार्डात आठवण लिहायची तर ती खरी असायला हवी. थोडी जरी वेगळी लिहिली गेली, तरी ज्यांची आठवण आहे ते मनात दुरुस्ती करत बसतात आणि पुढचं ऐकत नाहीत.

म्हणून दोघांना वेगवेगळा फोन केला. माझंही कपाट हलतंय, काय करू, असं विचारलं.

ताई म्हणाली, "आमच्या कपाटाला यांनी पत्रिका लावली होती. मी म्हटलं, अहो, आपल्या लग्नाची आहे ती! तर म्हणे, आता लग्न झालंय, कुणाला द्यायचीय?"

भावजी म्हणाले, "छे छे, तुझ्या ताईनेच काढून दिली. गठ्ठा समोर ठेवून म्हणाली, एवढ्या उरल्यात, घ्या त्यातली एक."

मी फोन ठेवला तेव्हा मला कार्ड सापडलं होतं. इतकी वर्षं एकाच कपाटाशेजारून ये-जा करणाऱ्या दोन माणसांजवळ त्याच पत्रिकेच्या दोन गोष्टी आहेत, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते. कोण बरोबर हे ठरवायचंच नाही, दोन्ही तशाच शेजारी शेजारी लिहायच्या. हसू आपोआप दोघांच्या वाट्याला सारखं येतं.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आईबाबा बाहेर गेलेले पाहून तिने आणि तिच्या भावाने खालचे दोन कप्पे रिकामे केले, कपाट कलतं केलं आणि पत्रिका काढून फोटो पाठवले. कडेची सोनेरी पट्टी पार झिजून गेली आहे, पायाच्या दाबाने मध्ये चौकोनी खड्डा पडलाय, बाहेरची बाजू काळपट झाली आहे. ती उघडली तर आतलं जसंच्या तसं. पहिली घडी नेमकी दोघांच्या नावांच्या मधोमध पडली आहे. वर तिचं नाव, खाली त्यांचं. मिटली की एकमेकांसमोर. त्या फोटोकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

"परत होती तशीच ठेव," असं तिला बजावलं. "चार पदर, आणि त्याच बाजूने."

शनिवार

काल रात्री पहिला खर्डा लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'तुमच्या संसाराचा पाया किती भक्कम आहे, हे त्या कपाटाकडे पाहून कळतं.' सकाळी ते आधी खोडलं. कपाट, पाय, पत्रिका एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात ते येतंच. आपण बोलून दाखवलं की त्याच्या हातातून काढून घेतल्यासारखं होतं. 'हार्दिक शुभेच्छा'सुद्धा खोडलं. ते कार्डाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेलंच आहे.

दुसरा प्रश्न क्रमाचा होता. खर्ड्यात नावांची गोष्ट आधी आणि भांडण नंतर होतं. वाचून पाहिलं तर नावांपाशी गळा भरून येतो न येतो तोच विनोद येऊन ते पुसून टाकतो. उलट केलं: आधी हसू द्यायचं, आणि हसून सैल झाल्यावर नावं. मध्ये 'पण खरं सांगू का' असं काही घालायचं नाही. वस्तू तीच आहे, पत्रिका. गोष्ट आपोआप हसण्याकडून आत जाते.

आणि संबोधन. ताईला मी 'तू' म्हणतो, भावजींना 'तुम्ही'. इतक्या थोड्या मजकुरात दर ओळीला तोंड फिरवत बसलं की वाचणाराही गोंधळतो. तेव्हा दोघांना मिळून 'तुम्ही', आणि एकेकाचं म्हणणं त्याच्याच तोंडून. दुपारी हे पक्कं झालं:

प्रिय ताई, प्रिय भावजी,

तुमचं कपाट घेतल्या दिवसापासून एका पायाने आखूड आहे. त्या पायाखाली तुमच्याच लग्नाची उरलेली पत्रिका आहे. ती तिथे कोणी घातली यावर अजून एकमत झालेलं नाही. ताई म्हणते, "यांनीच घातली." भावजी म्हणतात, "हिनेच काढून दिली."

तीन घरं झाली. फरशीप्रमाणे घडी कधी चार पदरी, कधी दोन पदरी झाली, पत्रिका तीच राहिली. दर वेळी एक जण कपाट उचलून धरतो, दुसरा वाकून पत्रिका सारतो, आणि सूचना दोघंही एकदमच देतात.

परवा मुलांनी ती उघडून पाहिली. बाहेरून झिजली आहे. आत घडीच्या दोन्ही अंगांना तुमची नावं आहेत, मिटल्यावर समोरासमोर येणारी. दोन्ही स्पष्ट वाचता येतात.

मुलांनी ती होती तिथेच ठेवली आहे. कपाट हलत नाही.

तुमच्या घरात वाढलेला,
तुमचा धाकटा

'धाकटा' एवढीच सही केली, कारण भावजी मला अजूनही याच नावाने हाक मारतात. तारीख तेवढी पूर्ण घातली, वर्षासकट. कार्ड पुढे कधीतरी कपाटातच सापडणार, तेव्हा ती लागेल.

कार्डावर उतरवण्याआधी पेन्सिलीने फिक्या रेघा आखल्या, शाई पूर्ण वाळू दिली आणि मगच रेघा खोडल्या. शाई ओली असताना खोडरबर फिरला की एखादं अक्षर जातंच, आणि दुसरं कार्ड आणलेलं नव्हतं.

रविवारी वाचणार भाची. तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. 'सूचना दोघंही एकदमच देतात' इथे थांब म्हटलं, हसू पूर्ण ओसरू दे, कितीही वेळ लागला तरी. तिथे घाई केली तर 'परवा मुलांनी' हे कुणाला ऐकूच जाणार नाही, आणि त्यानंतरचं सगळं लटकतं राहील. दुसऱ्यांदा वाचताना ती 'समोरासमोर'पाशी स्वतःच थांबली. म्हणाली, "मामा, मला हे वाचवणार नाही." मी म्हटलं, वाचवेल. नाहीच वाचवलं तर कार्ड आईच्या हातात दे, पुढचं ती वाचेल. ते तर आणखी चांगलं.

डाव्या पानावर आता सह्या सुरू आहेत. भाच्याला शेवटी द्यायचं ठरलंय, कारण त्याची सही अर्धं पान खाते.