लाखेचे गोठ मोडताना: माझा अनुभव

जुने गोठ मोडीत काढून त्याच पेढीत भरीव पाटल्या घ्यायच्या होत्या. पाटल्यांचं काम झटपट झालं. अडलं ते गोठांपाशी, एकाच वाक्यावर: "लाखेचा डाग आहे, पंचवीस टक्के तूट धरतो." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण तूट अंदाजाने धरायची नसते, ती मोजता येते.

गोठ म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याची नळी, आत लाख भरलेली. लाखेमुळे पत्रा चेपत नाही, म्हणून ती भरण्यात गैर काही नाही. प्रश्न वजनाचा आहे. जोडीचं काट्यावरचं वजन 40 ग्रॅम होतं. जुन्या पावतीवर एकूण वजन 40 आणि निव्वळ सोनं 33.500 असे दोन वेगळे आकडे लिहिलेले होते. पावतीवर निव्वळ वजनाचा रकाना नसेल तर लाखेचा डाग घेऊच नका. नाहीतर लाखेचेही सोन्याच्या भावाने पैसे जातात.

पंचवीस टक्के कापले की उरतात 30 ग्रॅम, म्हणजे पावतीपेक्षा साडेतीन ग्रॅम कमी. मी वितळवून मोजायला सांगितलं. "तशी पद्धत नाही," म्हणाले. बराच वेळ हुज्जत घातल्यावर भट्टीपाशी नेलं. भट्टी पेटण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: आजचा भाव, आणि वितळवल्यानंतर आणखी काही कापणार का. एकदा वितळवलं की गोठ परत मिळत नाहीत, आणि लगड दुसरीकडे नेली तर पुन्हा पहिल्यापासून घासाघीस.

आधी गोठ कापून आच दिली. लाख काळी पडून धूर करत बाहेर आली, उरलेली जळून गेली. मग तुकडे मुशीत, वर टाकणखार. सोनं ओतल्यावर मुशीत नीट बघा: कडेला मोहरीएवढे मणी चिकटून राहतात. ते खरवडून लगडीत घ्यायला लावा. लगड पाण्यात विझवली की पुसून कोरडी झाल्यावरच काट्यावर ठेवा, आणि काटा शून्यावर आहे हे स्वतः बघा.

लगड भरली 33.160 ग्रॅम. कॅरेटमीटरवर दोन्ही बाजूंनी कस पाहिला, सरासरी 90.8 आली. बावीस कॅरेटला 91.6 हवा. हा फरक झाळेचा. जोड लावायची झाळ दागिन्याच्या सोन्याआधी वितळली पाहिजे, म्हणून तिच्यात मिश्रण जास्त असतं, आणि पोकळ कामात जोडही जास्त असतात. अख्ख्या दागिन्यावर कॅरेटमीटर लावला तर तो फक्त वरचा पापुद्रा वाचतो. आतली झाळ किंवा लाख त्याला कळत नाही. म्हणून कस लगडीवरच बघायचा.

हिशेब असा: 33.160 ला 90.8 ने गुणून 91.6 ने भागलं की 32.87 ग्रॅम बावीस कॅरेट. समजायला सोपं जावं म्हणून भाव ग्रॅमला 10,000 धरा. 30 आणि 32.87 मधला फरक 28,700 रुपये होतो. एवढे पैसे त्या एका वाक्यात जात होते.

आता नवं घेताना. लाख नसलेल्या पोकळ बांगड्यांचं वजन सगळं सोन्याचंच असतं, तरी भरीवपेक्षा महाग पडतात. याच भावाने 20 ग्रॅमच्या भरीव बांगड्यांना 8 टक्के घडणावळ आणि पोकळला 18 टक्के धरली, तर 3 टक्के जीएसटीसह भरीव 2,22,480 ला पडतात आणि पोकळ 2,43,080 ला. मोडताना घडणावळीचा रुपयाही परत येत नाही, उलट पोकळमध्ये झाळेची घट वेगळी. तेवढ्याच ग्रॅममध्ये जाड दिसणारा डाग मिळतो, त्याचीच ही किंमत. रोज घालायला मात्र पोकळ नकोच. पोचा पडला तर आतून ठोकून उठवता येत नाही, कापून पुन्हा झाळावा लागतो.

हॉलमार्कवर भिस्त ठेवून कुणी हे विचारत नाही. BIS Care अ‍ॅपमध्ये दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी टाकला की कस कळतो. डाग भरीव की पोकळ, हे त्यावरून ठरत नाही. ते सोनाराकडून पावतीवर लिहूनच घ्यावं लागतं.

घरी संशय असेल तर दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून वजन करा. बावीस कॅरेटचा 20 ग्रॅमचा भरीव डाग पाण्यात साधारण 1.1 ग्रॅमने हलका होतो. अडीच-तीन ग्रॅमने झाला तर आत पोकळी किंवा लाख आहे. छिद्रातून आत पाणी शिरलं तर मात्र ही परीक्षा फसते. किती लाख आहे हेही यातून कळत नाही, त्यासाठी मूसच.